छाती ३६, कुर्ता ४१, तरी पाठीत फाटला! लूजिंग नेमकं कुठे द्यायचं?

गेल्या महिन्यात एक शिक्षिका माझ्याकडे कुर्ता घेऊन आल्या. कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला राहतात, शाळा शाहूपुरीत, रोज स्कूटरवरून ये-जा. कुर्ता चांगल्या कॉटनचा, रंग अजून टवटवीत. पण पाठीमागे, उजव्या मुंढ्याच्या म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईच्या शिवणीलगत, कापड बोटभर फाटलेलं. शिवण उसवली नव्हती, कापडच विरून गेलं होतं.

"दोनदा सैल करून आणलाय ओ," त्या म्हणाल्या. "शिवणारे म्हणतात, आता आत कापडच शिल्लक नाही, आणि किती सैल करू?"

मी टेप लावला. बाईंची छाती ३६ इंच. कुर्ता छातीवर ४१ इंच. म्हणजे अंगापेक्षा पाच इंच जास्त कापड, आणि तरीही हात पुढे केला की पाठ करकचत होती. हे कोडं फक्त त्यांचं नाही. ऑनलाईन कुर्ती मागवताना साईझ चार्टमध्ये 'अंगाचं माप' आणि 'कपड्याचं माप' असे दोन रकाने दिसतात आणि त्यांत कधी दोन तर कधी सहा इंचांचा फरक असतो. तो बघून आपण गोंधळतो. हा जास्तीचा इंच कशासाठी असतो? आणि तो असूनही कपडा का काचतो? उत्तर ब्लॉकमध्ये आहे, म्हणून आधी ब्लॉक काढू.

ब्लॉक म्हणजे काय, आणि लूजिंग दोन प्रकारचं कसं?

ब्लॉक म्हणजे तुमच्या वरच्या अंगाचा, खांद्यापासून कमरेपर्यंतचा, कागदावरचा साचा. त्याला बाही नाही, कॉलर नाही, गळ्याची नक्षी नाही. शिवणीसाठी आत ठेवायची मायाही त्यात धरत नाहीत, ती कापड कापताना वेगळी सोडायची. याच साच्यावरून पुढे कुर्ता, टॉप, जॅकेट, काय हवं ते काढता येतं.

अंगाच्या मापापेक्षा कपडा जितका मोठा, तितकं त्याचं लूजिंग. पुस्तकांत याला ईझ म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार करतात. श्वास घेता यावा, बसता यावं, हात हलवता यावा यासाठी जे द्यावंच लागतं ते वेअरिंग ईझ. मी क्लासमध्ये त्याला अंगाचं लूजिंग म्हणते. कपडा ढगळ, घेरदार, झोकदार दिसावा म्हणून जे वरून दिलं जातं ते डिझाईन ईझ, म्हणजे फॅशनचं लूजिंग.

फेटा बांधताना डोक्याभोवतीचे वेढे डोक्याच्या घेरावर ठरतात. मागे शेमला किती लांब सोडायचा हे मात्र बांधून घेणाऱ्याच्या हौसेवर. शेमला कितीही लांब सोडला म्हणून करकचून बांधलेला फेटा सैल होत नाही. त्या शिक्षिकेच्या कुर्त्याचं हेच झालं होतं. पण ते कळायला मापं बघावी लागतील.

छाती आणि कंबर एवढी दोनच मापं पुरत नाहीत का?

बरेच शिवणारे छातीच्या मापावरून बाकी सगळं काढतात. छाती भागिले चार, छाती भागिले बारा, असे ठोकताळे असतात. हे चूक नाहीत. सरासरी बांध्याच्या बाईला त्यावरून काढलेला कपडा बऱ्यापैकी बसतो. पण ३६ छातीच्या दोन बायकांपैकी एकीची पाठ रुंद आणि पुढचा भाग लहान असू शकतो, दुसरीचं नेमकं उलट. एकूण घेर तोच, वाटणी वेगळी. ठोकताळ्याला ही वाटणी दिसत नाही.

म्हणून मी बाईंची काही मापं जादा घेतली. छाती ३६, पण ती एका काखेच्या मध्यापासून दुसऱ्या काखेच्या मध्यापर्यंत पुढून १९ आणि पाठीकडून १७ भरली. कंबर ३०. मानेच्या मागच्या हाडापासून कमरेपर्यंत मागची लांबी १५. पुढची लांबी, म्हणजे खांदा जिथे मानेला मिळतो तिथून छातीवरून कमरेपर्यंत, पावणेसतरा. पूर्ण खांदा साडेचौदा. पाठीची रुंदी, म्हणजे मागे एका हाताच्या मुळापासून दुसऱ्यापर्यंत, साडेतेरा. तशीच पुढची रुंदी तेरा. मानेचा घेर १४. मानेच्या हाडापासून काखेच्या पातळीपर्यंत खोली आठ, त्यासाठी काखेत एक पट्टी आडवी धरायला लावायची, म्हणजे पातळी कळते. शेवटी छातीचा उंचवटा खांद्यापासून किती खाली, ते दहा, आणि दोन उंचवट्यांमधलं अंतर साडेसात.

मग त्यांना हलायला लावलं. ही पायरी कुणी घेत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. खोल श्वास घेतल्यावर छाती ३७ झाली. खुर्चीत बसल्यावर कंबर साडेएकतीस. आणि स्कूटरचं हँडल धरल्यासारखे हात पुढे केले तेव्हा पाठीची रुंदी साडेतेरावरून सव्वापंधरा! पावणेदोन इंचांची वाढ. त्याच वेळी पुढची रुंदी वाढली तर नाहीच, उलट थोडी आक्रसली. तुम्हीही घरी कुणाला टेप धरायला सांगून बघा.

आपले हात पुढेच काम करतात. पोळ्या लाटताना, फळ्यावर लिहिताना, गाडी चालवताना हात मागे कधी जात नाहीत. म्हणून अंगाचं लूजिंग चारी बाजूंना सारखं वाटणं चूक आहे. त्याचा मोठा वाटा पाठीला लागतो.

आता कागदावर

खाकी कागद, एल स्केल, पेन्सिल. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्या धरतो, म्हणून अर्ध्याच अंगाचा ब्लॉक काढायचा, अर्धी पाठ आणि अर्धा पुढचा भाग.

छातीवर एकूण लूजिंग मी तीन इंच धरलं. बाही असलेल्या आणि न ताणणाऱ्या कापडाच्या कपड्यासाठी दोन ते चार इंच लागतात, त्यातलं हे मधलं. अर्ध्या ब्लॉकवर दीड इंच आलं. ते पाठीला एक आणि पुढे अर्धा असं वाटलं. अर्धी पाठ साडेआठ होती ती झाली साडेनऊ. पुढचा अर्धा भाग साडेनऊ होता तो झाला दहा. दुप्पट केलं की ३९, हिशोब जुळला.

पाठीच्या भागासाठी कागदाच्या डाव्या कडेला उभी रेघ मारा, ती पाठीची मध्यरेषा. तिच्या वरच्या टोकाला मानेचं हाड. तिथून साडेआठ इंच खाली आडवी रेघ, ही छातीची पातळी. मोजलेली खोली आठ होती, त्यात अर्धा इंच मिळवला, कारण काखेत शिवण टोचायला नको. १५ इंचांवर कमरेची रेघ. छातीच्या रेघेवर साडेनऊ मोजून खूण करा, ती बाजूची शिवण.

गळ्याची अर्धी रुंदी म्हणजे मानेच्या घेराचा पाचवा भाग, इथे साधारण पावणेतीन इंच. ती वरच्या टोकापासून आडवी मोजून तिथून पाऊण इंच वर चढा. हा खांद्याचा मानेकडचा टोकबिंदू. तिथून खांदा उतरता काढा. मध्यरेषेपासून सव्वासात इंचांवर, म्हणजे पूर्ण खांद्याच्या निम्म्यावर, दीड इंच उतार. उताराचा हा आकडा ठरीव नाही. कुणाचे खांदे सरळ असतात तर कुणाचे उतरते, कापडाच्या चाचणीत तो दुरुस्त होतो.

मुंढ्याच्या साधारण मध्यावर पाठीची रुंदी बसवा. निम्मी रुंदी पावणेसात, त्यात पाव इंच लूजिंग, म्हणजे सात. खांद्याच्या टोकापासून या सातच्या खुणेवरून जात, मग वळून बाजूच्या शिवणीपर्यंत गोलाई काढली की मागचा मुंढा झाला. हा पाव इंच दिसायला क्षुल्लक आहे, पण तो विसरू नका, पुढे लागेल.

पुढचा भाग तसाच, तीन फरक लक्षात ठेवून. गळा पुढे तीन इंच खोल. मुंढ्याच्या मध्यावरची रुंदी साडेसहाच, लूजिंग न देता, कारण तिथे वाढ होत नाही हे आपण पाहिलं. आणि तिसरा फरक लांबीचा. पुढची लांबी पावणेसतरा आहे. मागची लांबीही खांद्याच्या त्याच बिंदूपासून मोजली तर १५ अधिक पाऊण, म्हणजे पावणेसोळा भरते. पुढे एक इंच जास्त, कारण कापडाला छातीच्या उंचवट्यावरून जायचं असतं. त्यामुळे बाजूची शिवण पुढे साडेसात आणि मागे साडेसहा इंच येते. त्या दोन शिवल्या तर जमायच्या नाहीत. पुढचा जादा इंच बाजूच्या शिवणीत, काखेच्या दोनेक इंच खाली, डार्ट म्हणून दुमडायचा. त्याची टोकदार बाजू उंचवट्याकडे, पण एक इंच अलीकडे थांबवायची. नाहीतर तिथे टोपीसारखं टोक उभं राहतं.

कमरेला दोन इंच लूजिंग पुरे, बाईंची कंबर बसल्यावर दीडच इंच वाढली होती. अर्ध्या ब्लॉकला १६ हवेत. आपल्याकडे आहेत साडेनऊ अधिक दहा, म्हणजे साडेएकोणीस. साडेतीन इंच कमी करायचे आहेत. प्रत्येक भागाला बाजूच्या शिवणीत अर्धा इंच आत घेतला आणि सव्वा इंचाचा एक उभा डार्ट दिला, म्हणजे पावणेदोन अधिक पावणेदोन. झालं. पाठ पावणेआठ, पुढचा भाग सव्वाआठ, बेरीज १६.

सगळीकडे थोडं थोडं लूजिंग दिलं तर बिघडलं काय?

नाही चालत, आणि यासाठी घराचं दार बघा. कोल्हापूरच्या पावसात लाकडी दार फुगतं, म्हणून सुतार चौकटीत फट ठेवतो. पण फट कडीच्या बाजूला आणि खाली उंबऱ्याला. बिजागरीच्या बाजूला फट ठेवली तर दार लोंबेल, लागणारच नाही.

कपड्याची बिजागरी म्हणजे गळा आणि खांदा. सगळा कपडा तिथून लटकतो. तिथे लूजिंग दिलं की गळा पाठीमागे घसरतो आणि बाही दंडावर उतरते. मग आपण दिवसभर खांदा सारखा करत राहतो. म्हणून ब्लॉकमध्ये गळ्याला आणि खांद्याला शून्य. फट हवी ती पाठीच्या रुंदीत, काखेखाली आणि कमरेला.

आता आणलेल्या कुर्त्याकडे. तो सपाट पसरून मोजला. छातीवर ४१ खरे, पण पाठीची रुंदी १३ इंच, बाईंच्या अंगापेक्षा अर्धा इंच कमी! काय झालं असेल ते कळत होतं. चारी भागांना छाती भागिले चार अधिक पाऊण असं माप धरलं असणार, म्हणजे पावणेदहा चोक ३९. लूजिंग तीनच इंच, माझ्याइतकंच. मग मुंढा काढताना खांद्यापासून पाऊण इंच आत घेतलं, सव्वासातचे साडेसहा झाले. पाठ तिथेच अडकली. तक्रार आल्यावर बाजूची शिवण उसवून आतली माया बाहेर काढली आणि ३९ चे ४१ झाले. पण माया बाजूच्या शिवणीत होती आणि ताण होता पाठीच्या मध्यात. नळ स्वयंपाकघरात गळत होता आणि दुरुस्ती न्हाणीघरात चालली होती.

मुंढा जरा खोल केला असता तर?

तोही केला होता. मोजला तर मानेच्या हाडापासून दहा इंच. ही आपल्याकडची सगळ्यांत जुनी चूक आहे. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच करत आले. मुंढा काचतो म्हटलं की कात्री घ्यायची आणि काखेत आणखी खोल कापायचं. हात खाली असताना बरं वाटतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दोन दिवसांनी परत येतं.

हात वर केला की बाहीची काखेतली शिवण हाताबरोबर वर जायला बघते. ती काखेलगत असेल तर तिला फार जावं लागत नाही आणि बाकी कुर्ता जागेवर राहतो. ती दीड इंच खाली असेल तर ती आपल्यासोबत बाजूची सगळी शिवण वर ओढते. कुर्त्याचा घेर उचलला जातो, बाही दंडावर आवळते आणि सगळा ताण मागच्या मुंढ्याच्या गोलाईवर येतो, जिथे कापड आधीच अपुरं होतं. फाटायला आणखी काय हवं? सर्कशीतल्या किंवा कथकच्या पोशाखांचे मुंढे बघा, काखेलगत उंच असतात. हालचाल जास्त तितका मुंढा अंगाजवळ, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

ओळखायची खूण सोपी. कपडा घालून दोन्ही हात वर करा. खालचा घेर फारच वर उचलला जात असेल तर मुंढा खोल आहे. घेर जागेवर आहे पण हात पुढे नेताना पाठीत आडव्या रेघा ताणल्या जातात, तर पाठीची रुंदी कमी आहे. छातीवर बटणांच्या मधून फटी पडत असतील तर पुढचा घेर कमी. उंचवट्यापासून बाजूला आणि खाली तिरक्या सुरकुत्या जात असतील तर डार्ट कमी पडतोय. आणि उभ्या, मऊ चुण्या दिसत असतील तर कापड जास्त आहे, तेवढ्यासाठी कुणी जीव जाळत नाही.

मग पाठीला सगळेच पावणेदोन इंच का दिले नाहीत?

क्लासमध्ये हा प्रश्न हमखास येतो आणि रास्त आहे. पाठ पावणेदोनने वाढते आणि आपण मुंढ्याच्या मध्यावर पूर्ण पाठीला दिला फक्त अर्धा इंच, हे कसं?

कारण कपडा हात खाली असतानाही घालायचा असतो. सगळे पावणेदोन दिले तर उभं राहिल्यावर मुंढ्यामागे पिशवी लोंबेल. काखेखाली पाठीच्या भागाला दिलेला इंच हात पुढे गेल्यावर मदतीला येतो. बाहीच्या मागच्या गोलाईतही थोडं कापड असतं. आणि कापड स्वतः थोडं देतं, विशेषतः मुंढ्याची गोलाई जिथे तिरकी जाते तिथे. लूजिंग म्हणजे वाढीची पूर्ण भरपाई नाही, तडजोड आहे. सतत हात पुढे ठेवून काम करणाऱ्यांना जास्त लागलं तर पाठीत चुण्या किंवा प्लीट घालतात. शर्टाच्या मागे खांद्यावरच्या पट्टीखाली, म्हणजे योकखाली, जी प्लीट असते तिचा उपयोग हाच, पण फार कमी लोक तिच्याकडे तशा नजरेने बघतात.

आणि ब्लाऊज? त्याला तर लूजिंग नसतंच!

साडीच्या ब्लाऊजला छातीवर अर्धा-एक इंचच लूजिंग असतं, कधी तेवढंही नाही. तरी बायका त्यात भाकरी थापतात, पाणी भरतात. मग तीन इंचांचं एवढं काय?

ब्लाऊज छातीखाली संपतो, हे त्याचं गुपित. हात वर गेला की तो सरळ वर सरकतो, पुढे साडीचा पदर झाकायला असतोच. कमरेवर, नितंबावर त्याला कुठे अडकायचं नसतं. बाही आखूड, मुंढा उंच. कटोरी ब्लाऊजमध्ये तर कटोरी तिरकी कापतात, आणि तिरकं कापड ताणलं जातं. कुर्ता मात्र गुडघ्यापर्यंत, नितंबावर टेकलेला. तो वर सरकला तर तिथेच अडकतो आणि ओढ परत मुंढ्यावर येते. म्हणून ब्लाऊजचं माप कुर्त्याला लावता येत नाही. ब्लाऊजचा ब्लॉक कुर्त्यासाठी वापरून फसलेले कपडे माझ्याकडे कायम येतात.

होजियरीचं कापड ही तिसरीच गोष्ट. ते ताणलं जातं, म्हणून टी-शर्ट अंगापेक्षा लहानही कापतात. तिथे हा ब्लॉक वापरायचा नाही.

फॅशनचं लूजिंग कुठे द्यायचं?

पहिली गोष्ट, ब्लॉकमध्ये नाही. ब्लॉक मांजरपाटावर कापून, कच्चा शिवून, अंगावर बघून पक्का करायचा. दोन्ही बाजूंना काखेखाली दुहेरी कापड पाऊण पाऊण इंच चिमटीत यायला हवं, आलं की तीन इंच बरोबर आहेत. यानंतर ब्लॉकला हात लावायचा नाही. त्याची नक्कल करायची आणि फॅशन त्या नकलेवर.

बाईंना सरळ, थोडा मोकळा कुर्ता हवा होता. मी मुद्दाम छातीवर ४१ च ठेवायचं ठरवलं, फाटलेल्या कुर्त्याइतकंच. अंगाचे ३६, अंगाचं लूजिंग तीन, फॅशनचं दोन. अर्ध्या नकलेवर एक इंच वाढवायचा, म्हणजे आठ सूत.

सगळे आठ सूत बाजूच्या शिवणीत टाकणं सोपं, पण मग कपडा समोरून सपाट आणि काखेत पंखासारखा दिसतो. मी तीन सूत पाठीच्या बाजूला, तीन पुढच्या बाजूला दिले. उरलेले दोन सूत पाठीच्या आत. त्यासाठी खांद्याच्या मध्यापासून खालपर्यंत उभी रेघ कापून कागद दोन सूत फाकवला. खांदाही दोन सुतांनी वाढतो, ते चालतं. शिवताना मागचा खांदा पुढच्यावर किंचित आवळून घ्यायचा. बाजूला एकूण सहा सूत वाढले म्हणून मुंढा त्याच्या निम्मा, तीन सूत खाली उतरवला, आणि बाहीला काखेकडे दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत वाढवले. बाही वाढवायला विसरलात तर ती मुंढ्यात बसायची नाही, मग ओढून बसवता आणि सगळं मुसळ केरात.

घेर खाली हवा असेल तर गोष्ट वेगळी. अंब्रेला कट हवा म्हणून छातीवर इंच वाढवू नका. छाती ब्लॉकइतकीच ठेवून कमरेचा उभा डार्ट उघडा सोडा, बाजूचा डार्ट मिटवून त्याचा मोकळेपणा खालच्या घेरात वळवा. योकखाली चुण्या हव्या असतील तर लूजिंग फक्त योकच्या खाली. नजर जिथे जावी असं वाटतं, कापड तिथे.

मग ऑनलाईन साईझ कशी वाचायची?

तयार कुर्त्यांना बहुतेक वेळा बाजूचा डार्टच नसतो. छातीच्या उंचवट्याला लागणारं कापड मग लूजिंगमधूनच भागवावं लागतं. शिवाय एकच साईझ निरनिराळ्या बांध्यांना बसायला हवी. म्हणून अंगाच्या मापात आणि कपड्याच्या मापात चार-सहा इंचांचा फरक दिसतो. आपल्याकडच्या अनेक ब्रँडांचे तक्ते मुळात परदेशी मापांवरून आलेले आहेत. भारतीय अंगांसाठी स्वतंत्र तक्ता हवा म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयासोबत 'इंडियासाईज' नावाची पाहणी हाती घेतली, ती त्यामुळेच.

तुम्ही घरातला, नीट बसणारा एक कुर्ता सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजून दुप्पट करा, त्यातून तुमची छाती वजा करा. आलेला आकडा हे तुम्हाला आवडणारं एकूण लूजिंग. मग मागे पाठीची रुंदीही मोजा. चार्टमधला 'कपड्याचं माप' हा रकाना दुप्पट करून आलेल्या मापाशी ताडायचा. पाठीची रुंदी चार्टमध्ये सहसा नसते, आणि नेमकी तीच चुकते.

बाईंचा नवा कुर्ता कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून आणलेल्या साध्या कॉटनचा शिवला. छातीवर ४१, पाठीची रुंदी साडेचौदा, मुंढा मानेच्या हाडापासून नऊ इंचांच्याही थोडा आत. आमच्याच दारात त्यांनी स्कूटरवर बसून हँडल धरून बघितलं. मग भिंतीवर हाताने फळा लिहिल्याचा अभिनय केला. पाठ मोकळी होती. डावा खांदा मात्र गळ्याकडून जरासा उचललेला दिसला. त्या रोज उजव्या खांद्याला वह्यांची पिशवी अडकवतात, तो खांदा अर्धा इंच उतरलाय, आणि मी अर्ध्याच अंगाचा ब्लॉक काढला होता. आता त्यांच्या कागदावर उजव्या खांद्यासाठी लाल पेन्सिलीने वेगळी रेघ आहे.